क्यूब पास, कॉलम नापास

प्रयोगशाळेचा अहवाल चांगला होता. एम-२५ काँक्रीटचे २८ दिवसांचे क्यूब ३१ च्या आसपास फुटले होते, म्हणजे हव्या त्या ताकदीपेक्षा बरेच वर. आणि त्याच काँक्रीटचे पार्किंगमधले कॉलम पायाशी पोकळ निघाले. फळ्या काढल्यावर जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत नुसती खडी दिसत होती, दोन खड्यांच्या मधून सळई दिसत होती, आणि स्क्रू-ड्रायव्हर घातला तर तो बोटभर आत जात होता. तालुक्याच्या गावातली तीन मजली इमारत. पहिल्या स्लॅबआधी काम थांबलं आणि मला बोलावणं आलं.

अशा वेळी साइटवर जे ऐकू येतं तेच तिथेही ऐकू आलं. ठेकेदार म्हणाला, "साहेब, व्हायब्रेटरवाल्या पोरानं नीट सुई फिरवली नाही." पोरगा म्हणाला, सुई फिरवली, पण माल खाली उतरतच नव्हता. मालकांचा संशय सिमेंटवर होता. सिमेंट चांगलं होतं, हे क्यूबनेच सांगितलं होतं. मला त्या पोराचं बोलणं महत्त्वाचं वाटलं. माल उतरत नाही, म्हणजे मालातच काही तरी अडतं आहे. म्हणून कॉलम सोडून मी आधी खडीच्या ढिगाकडे गेलो.

ढीग एकच होता. २० मिलिमीटरची, म्हणजे आपल्याकडे पाऊण इंची म्हणतात ती काळ्या दगडाची खडी. स्वच्छ, धुतल्यासारखी, एका मापाची. बघणाऱ्याला वाटावं की किती छान माल आहे. कपचीचा, म्हणजे १० मिलिमीटरच्या बारीक खडीचा ढीग कुठेच नव्हता. मिक्स डिझाइनच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: एकूण खडीपैकी ६० टक्के २० ची आणि ४० टक्के १० ची. चौकशी केल्यावर उलगडा झाला. जवळच डांबरी रस्त्याचं मोठं काम सुरू होतं, आणि डांबराच्या वरच्या थराला कपची भरपूर लागते. क्रशरवरची सगळी कपची तिकडे जात होती. ठेकेदाराने दोन दिवस वाट पाहिली आणि मग सगळी खडी २० चीच टाकून काम पुढे रेटलं. त्याच्या मनात फसवणूक नव्हती. त्याची मनापासून समजूत होती की खडी ती खडी, मोठी असली तर उलट जास्त मजबूत.

ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून तिच्याशीच थोडं थांबतो. आपला दख्खनचा बेसाल्ट इतका कठीण आहे की एम-२५ काँक्रीटमध्ये दगड फुटून कॉलम जात नाही. तिथे दगडाची ताकद कमी पडत नाही. कमी पडते ती दगडांमधली जागा भरणारी वस्तू. जुन्या दगडी बांधकामातला गवंडी हे जाणून होता. मोठा दगड बसवला की तो मागच्या खाचेत चीप ठोकत असे, आणि चुना उरलेल्या फटीपुरताच वापरत असे. सगळी खाच चुन्याने भरली तर भिंत बसते, हे त्याला माहीत होतं. काँक्रीटमध्ये खडीच्या फटीत कपची, कपचीच्या फटीत जाड वाळू, जाड वाळूच्या फटीत बारीक वाळू, आणि शेवटी उरलेल्या फटीत सिमेंटची लापशी, असा तोच क्रम असायला हवा. यातली एक पायरी गायब झाली की तिची जागा सिमेंट आणि पाण्याला भरावी लागते. ती भरण्याइतकं सिमेंट आपण घातलेलं नसतं.

हे ठेकेदाराला तोंडी सांगून पटणार नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी कपचीच्या चार गोण्या मिळवल्या आणि साइटवरच बादलीचा प्रयोग केला. कुणालाही करता येईल असा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बरोबर १० लिटरची, सरळ कडेची बादली किंवा डबा घ्यायचा. खडी आदल्या रात्री भिजत घालायची आणि सकाळी गोणपाटावर पसरून वरचं पाणी टिपून घ्यायचं. नाहीतर दगडच पाणी पितो आणि माप चुकतं. बादली तीन थरांत भरायची, प्रत्येक थर सळईने पंचवीसएक वेळा टोचायचा, वरून पट्टीने सपाट करायचं आणि वजन करायचं. मग मापाच्या भांड्याने कडेकडेने, सावकाश पाणी ओतायचं. मधे बादलीला चापट्या मारून हवा बाहेर येऊ द्यायची. पाणी काठाला लागेपर्यंत जेवढं मावलं तेवढी खडीतली पोकळी.

नुसत्या २० च्या खडीची बादली १५ किलो भरली आणि तिच्यात ४.७ लिटर पाणी मावलं. म्हणजे भरलेल्या दिसणाऱ्या बादलीतली जवळजवळ निम्मी जागा रिकामी होती. मग ६० टक्के २० ची आणि ४० टक्के कपची वजनाने मिसळून तीच बादली भरली. वजन झालं १६.४ किलो आणि पाणी मावलं ४.२ लिटर. बादली तीच, दगड तोच, पण जवळजवळ दीड किलो दगड जास्त मावला. ठेकेदाराने काट्यावर दोनदा पाहिलं.

त्यानंतर कोरडी वाळू घेतली. वाळू कोरडीच हवी, कारण ओलसर वाळू फुगते आणि माप फसवते. एकूण मालात साठ भाग खडी आणि चाळीस भाग वाळू असं मिश्रण करून पुन्हा बादल्या भरल्या. कपचीसह केलेल्या मिश्रणात २.६ लिटर पाणी मावलं, बिनकपचीच्या मिश्रणात २.९ लिटर. दहा लिटरांत ३०० मिलिलिटरचा फरक. ठेकेदार म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय साहेब?"

काय होतं ते आता एका घनमीटरवर मोजू. त्या कामाच्या डिझाइनमध्ये एका घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि १७५ लिटर पाणी होतं. ३५० किलो सिमेंट प्रत्यक्षात जागा व्यापतं साधारण १११ लिटर. पाणी मिळवलं की सिमेंटची लापशी झाली २८६ लिटर. काँक्रीटमध्ये कितीही केलं तरी थोडी हवा राहते, ती २० लिटर धरू. हजारातून हे वजा केलं की ६९४ लिटर उरतात; तेवढा निव्वळ दगड आणि वाळू. आता हा ६९४ लिटरचा घन माल दाबून भरला, तर त्याच्या फटी किती? बादलीने सांगितलं की कपची असेल तर २६ टक्के. तेव्हा फटी होतात सुमारे २४४ लिटर. लापशी २८६ लिटर आहे, म्हणजे फटी भरून ४२ लिटर उरते. हीच उरलेली लापशी प्रत्येक खड्याभोवती पातळ थर धरते, खडे एकमेकांवरून सरकवते, आणि सुई घातली की माल वाहू लागतो. बिनकपचीच्या मालात फटी २९ टक्के, म्हणजे जवळपास २८३ लिटर. लापशी उरते ३ लिटर. म्हणजे काहीच नाही. सगळं सिमेंट भोकं बुजवण्यात संपलं, खड्याला खडा कोरडा घासायला लागला. पोरगा खरं बोलत होता: माल उतरणारच नव्हता.

माल उतरत नाही असं दिसलं की साइटवर एकच उपाय होतो. मिक्सरवाला पाण्याचा डबा तिरका करतो. एका घनमीटरला २० लिटर पाणी वाढलं, तर पाणी आणि सिमेंटचं प्रमाण ०.५० वरून ०.५६ च्या जवळ जातं, आणि लापशी वाळल्यावर तिची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, कारण सिमेंटने न वापरलेलं पाणी उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. शिवाय एवढं करूनही माल सुधारत नाही. पातळ झालेली लापशी मोठ्या खड्यांमधून निथळून खाली-बाजूला पळते, फळीच्या फटीतून वाहते, आणि खडी जागच्या जागी उघडी पडते. पाण्याने माल ओला होतो, पण खडीची उणीव भरून निघत नाही.

म्हणून चांगल्या प्रतवारीच्या खडीने काँक्रीट मजबूत होतं, असं म्हणताना मला दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. पहिली अशी की तेवढ्याच सहज काम करता येणाऱ्या मालाला पाणी कमी लागतं, त्यामुळे लापशी स्वतः दणकट होते. दुसरी अशी की माल साच्यात दाट बसतो, पोकळ्या राहत नाहीत. ही दुसरी गोष्ट किती मोठी आहे याची कल्पना अनेकांना नसते. काँक्रीटच्या अभ्यासात हे पक्कं ठरलेलं आहे की आकारमानाच्या दोन टक्के पोकळी राहिली तरी ताकद दहा टक्क्यांहून जास्त घटू शकते, आणि पाच टक्के पोकळीने तीस टक्क्यांपर्यंत. त्या कॉलमच्या पायाशी पोकळी पाच टक्क्यांच्या कितीतरी पुढे गेलेली होती.

मग क्यूब कसे पास झाले? मालकांनी हाच प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत कामाचा प्रश्न आहे. क्यूबचा साचा १५० मिलिमीटरचा असतो. त्यात सळई नसते. माल हाताने, थराथराने भरतात, प्रत्येक थर नीट ठोकतात आणि मिक्सरमधून आलेला पहिला, पाणी न वाढवलेला घाणा बहुतेक वेळा क्यूबसाठी घेतात. अशा साच्यात उणा मालही ठोकून ठोकून दाट बसवता येतो. क्यूब सिमेंट आणि पाण्याच्या प्रमाणाबद्दल बरंच खरं सांगतो. खडीच्या प्रतवारीबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

कॉलमची गोष्ट वेगळी. ते कॉलम २३० बाय ४५० चे होते. २३० च्या बाजूला १६ मिलिमीटरच्या तीन सळया होत्या. ४० मिलिमीटर कव्हर आणि ८ ची रिंग वजा केली की दोन सळयांमध्ये साधारण ४३ मिलिमीटरची मोकळी जागा राहते. पण पायाशी सळयांचा जोड दिलेला होता, म्हणजे तीनच्या जागी सहा सळया. तिथे हीच जागा जेमतेम १९ मिलिमीटर उरली होती. आपलं मानक सांगतं की खडीचं माप सळयांमधल्या मोकळ्या जागेपेक्षा निदान ५ मिलिमीटरने कमी असावं. तिथे २० ची खडी, तीही एकाच मापाची, आणि तीन मीटर उंचीवरून ओतलेली. खडे सळयांच्या जाळीवर अडकून कमान धरतात, लापशी चाळल्यासारखी खाली गळते, आणि कमानीखाली पोकळी राहते. कपचीसह माल असता तरी त्या जोडापाशी त्रास झाला असताच, हे मी मालकांना सांगितलं. मोठे खडे तिथेही अडकले असते. पण संख्येने ते कमी असते आणि बाकीचा माल त्यांच्या आजूबाजूने गेला असता. जोड कॉलमच्या मधल्या भागात घ्यायचा हा नियम पाळला असता तर प्रश्न आणखी सोपा झाला असता.

संशय राहू नये म्हणून तीन कॉलममधून गोल कोअर काढले. एक तर काढतानाच तळाशी तुटला. उरलेला भाग योग्य लांबीचा करून फोडला, आणि क्यूबच्या ताकदीत रूपांतर करून सरासरी १९ च्या आसपास आली. मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी, म्हणजे एम-२५ ला २१.२५. कॉलम नापास. ठेकेदाराची इच्छा होती की सिमेंट-वाळूचा गिलावा मारून वर रंग द्यावा. मी त्याला ठाम नकार दिला, आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या साइटवर असा गिलावा होत असेल तर तो थांबवा. वरचा गिलावा आतली पोकळी झाकतो, भार घेत नाही, आणि सळई गंजायला लागली तरी बाहेरून कळत नाही. आम्ही आधी स्लॅबच्या सेंटरिंगचा भार घेणारे टेकू लावले, कॉलमचा पोकळ भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत छिनीने काढला, धुतला, आणि साचा लावून मायक्रोकाँक्रीट भरलं. दोन कॉलमना बाहेरून नव्या सळयांसह जॅकेट द्यावं लागलं. खर्च कपचीच्या कितीतरी पट आला.

आता पुढच्या माणसाने काय करावं ते. सर्वांत आधी चाळण्या. खडीसाठी २०, १० आणि ४.७५ मिलिमीटर एवढ्या तीन पुरतात. ढिगाच्या पायथ्याशी घरंगळलेले मोठे खडे जमतात आणि माथ्यावर बारीक राहतो, म्हणून नमुना चार-पाच ठिकाणांहून, वरचा थर बाजूला करून घ्यावा. तो एकत्र करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, असं करत पाचएक किलोवर यावं. चाळून प्रत्येक चाळणीतून किती टक्के खाली गेलं ते लिहावं.

त्या साइटवरच्या २० च्या खडीचा हिशेब असा निघाला: २० च्या चाळणीतून ९२ टक्के, १० मधून फक्त ४ टक्के, ४.७५ मधून जवळजवळ शून्य. कपचीचा: २० मधून सगळी, १० मधून ८८ टक्के, ४.७५ मधून १२ टक्के. भारतीय मानक ३८३ मध्ये २० मिलिमीटरच्या प्रतवार खडीसाठी मर्यादा दिल्या आहेत. १० च्या चाळणीतून २५ ते ५५ टक्के माल गेला पाहिजे आणि ४.७५ मधून १० टक्क्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. नुसत्या २० च्या खडीत ४ टक्के, म्हणजे मर्यादेच्या जवळपासही नाही. ६०-४० ला १० मधून जाणारा माल काढायचा तर ४ चे ६० टक्के आणि ८८ चे ४० टक्के मिळवायचे: २.४ आणि ३५.२, एकूण ३७.६. मर्यादेच्या बरोबर मध्ये. ४.७५ मधून जातात ५ टक्के, तेही चालतं. कपची कमी मिळते म्हणून ८०-२० केलं तर हाच आकडा २०.८ येतो, अपुरा. ७५-२५ ला बरोबर २५, म्हणजे काठावर; क्रशरवर थोडं इकडेतिकडे झालं की बाहेर. उलट कुणी उत्साहाने ३०-७० केलं तर आकडा ६३ च्या जवळ जातो, माल फार बारीक होतो. बारीक मालाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे त्याला माखायला लापशी जास्त लागते आणि पुन्हा पाणी वाढतं. कपची म्हणजे चांगलं, मग जास्त कपची म्हणजे जास्त चांगलं, असं नाही.

चाळण्या नसतील तर बादलीच्या वजनानेही काम भागतं. ७०-३०, ६०-४० आणि ५०-५० अशा तीन बादल्या भरा. आमच्याकडे त्या अनुक्रमे १६.१, १६.४ आणि १६.३ किलो भरल्या. सर्वांत जड ती सर्वांत दाट. पण आकडे बघा, शेवटच्या दोघींत फरक नगण्य आहे. प्रमाण पाच टक्के इकडेतिकडे झालं तर जीव टाकू नये. पायरी गायब होऊ नये, एवढं सांभाळलं की पुरे.

वाळूचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तिथे चूक जास्त लपून राहते. आज बहुतेक ठिकाणी क्रश सँड येते. त्या साइटवरच्या वाळूत ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून २८ टक्के माल गेला. मानकाप्रमाणे १५ ते ३४ असेल तर ती पहिल्या क्षेत्रातली, म्हणजे जाड वाळू. पण तिच्यात १५० मायक्रॉनच्या खाली १४ टक्के भुकटीही होती. दगडाच्या वाळूला १५० खाली २० टक्क्यांपर्यंत सूट आहे, त्यामुळे कागदावर ती पास. अडचण मधली होती. ६०० ते १५० च्या मधले, बारीक साखरेएवढे कण फार थोडे. खरबरीत खडा आहे, पीठ आहे, मधलं नाही. अशी वाळू हातात घासली तर टोचते आणि तळव्यावर पांढुरकी धूळ राहते. तिच्या काँक्रीटवर थापी फिरवली तरी पृष्ठभाग बंद होत नाही आणि आडव्या सळईखाली पाणी साठतं. "जाड वाळू काँक्रीटला चांगली" हे मिस्त्री लोकांचं म्हणणं नदीच्या वाळूच्या काळात बऱ्यापैकी खरं होतं, कारण नदीच्या जाड वाळूतही गोल कण असत आणि थोडी बारीक वाळू मिसळलेली असे. क्रश सँडच्या कोनदार कणांना ते जसंच्या तसं लागू पडत नाही.

उपाय दोन. कायदेशीर परवान्याची बारीक नैसर्गिक वाळू मिळत असेल, तर ती तीस टक्के मिसळावी. आम्हाला मिळालेल्या बारीक वाळूतून ६०० मधून ७० टक्के जात होते. ७० भाग क्रश आणि ३० भाग ही बारीक घेतली की आकडा येतो १९.६ अधिक २१, म्हणजे ४०.६. दुसऱ्या क्षेत्राची मर्यादा ३५ ते ५९. काँक्रीटला हे क्षेत्र सर्वांत सोयीचं. बारीक वाळू मिळत नसेल तर आहे त्या जाड वाळूचं प्रमाण थोडं वाढवावं. मिक्स डिझाइनचं मानकही हेच करतं: ०.५० च्या पाणी-सिमेंट प्रमाणाला दुसऱ्या क्षेत्राच्या वाळूबरोबर खडीचा वाटा ६२ टक्के धरतं, तर पहिल्या क्षेत्राच्या जाड वाळूबरोबर ६०. वाळू बदलली की डिझाइन बदलतं, ही गोष्ट ठेकेदार विसरतात आणि एका गाडीच्या डिझाइनवर वर्षभर काम करतात.

इथे एक सावधगिरी. दाटपणाच्या मागे किती लागायचं? अमेरिकेत फुलर आणि थॉम्प्सन या दोघांनी १९०७ मध्ये सर्वांत दाट मिश्रणाची एक आदर्श रेषा मांडली: कणाचं माप भागिले सर्वांत मोठ्या खड्याचं माप, त्याचं वर्गमूळ. २० च्या खडीला त्या रेषेप्रमाणे सिमेंटसकट जवळजवळ निम्मा माल ४.७५ च्या खाली हवा. रेषा शिकायला उत्तम आहे. पण अगदी तिच्यावर बसवलेला माल हातात राठ लागतो, कारण तिथे सरकायला मोकळीक कमी राहते. प्रत्यक्ष कामात सर्वांत दाट बिंदूच्या किंचित बारीक बाजूला राहावं, म्हणजे वाळू एक-दोन टक्के जास्त. पंपाने माल चढवायचा असेल तर आणखी थोडी. आणि प्रतवारी कितीही चांगली केली तरी पाणी-सिमेंटचं प्रमाण बिघडवलं तर ताकद येणार नाही. प्रतवारीमुळे पाणी कमी ठेवणं शक्य होतं. ते कमी ठेवायचं काम आपलं असतं.

शेवटी मागवणं, साठवणं, मोजणं. २० ची आणि १० ची खडी नेहमी वेगळी मागवावी आणि वेगळ्या ढिगात ठेवावी, मधे फळ्या किंवा विटांची रांग लावून. क्रशरवाला "मिसळूनच देतो" म्हणाला तरी नको म्हणावं. मिसळलेली खडी गाडीच्या धक्क्यांनी आणि ओतताना पुन्हा वेगळी होते; मग सकाळच्या घाण्यात सगळी मोठी आणि संध्याकाळच्या घाण्यात सगळी कपची. वर दिलेल्या डिझाइनमध्ये एका गोणी सिमेंटला साधारण ११० किलो वाळू, १०० किलो २० ची खडी, ६७ किलो कपची आणि सगळं मिळून २५ लिटर पाणी येतं. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी या २५ मधून वजा करायचं. वजनकाटा रोज शक्य नसेल तर एकदा वजन करून लाकडी फरम्यावर खुणा करून ठेवाव्यात, २० ची खूण वेगळी आणि कपचीची वेगळी. घमेल्याच्या हिशेबावर सोडलं की कपचीचा ढीग मिक्सरपासून जितका लांब, तितकी कपची कमी पडते. म्हणून कपची मिक्सरजवळ ठेवायला लावावी.

कॉलम भरताना जोडाच्या जागी पहिला फूटभर थर कपचीच्याच काँक्रीटचा टाकावा, सिमेंट आणि वाळू थोडी वाढवून, आणि मग नेहमीचा माल. माल एकदम तीन मीटरवरून ओतू नये. फळीला मध्यावर खिडकी ठेवून तिथून भरावा.

गाडी आल्यावर उतरवण्याआधी बघायचं ते असं. मूठभर खडी हातात घेऊन तिच्यात पातळ पापुद्र्यासारखे तुकडे किती ते पाहा. साध्या जबड्याच्या क्रशरवर ते जास्त निघतात आणि बादलीची पोकळी वाढवतात. २० च्या गाडीत मधूनच सुपारीहून बरेच मोठे खडे दिसू लागले तर क्रशरची जाळी फाटली आहे. पावसाळ्यात जाळीची भोकं ओल्या भुकटीने बुजतात आणि बारीक माल मोठ्या खडीबरोबरच येतो, वर चिखलाचा थरही असतो. अशा वेळी आधीचे आकडे धरून न बसता त्या गाडीची चाळणी पुन्हा करावी. आमच्या त्या साइटवर नंतर प्रत्येक गाडीची चाळणी होत असे. मुकादमाने एका वहीत फक्त दोन आकडे लिहायचे, १० मधून किती आणि ४.७५ मधून किती. वरच्या मजल्यांच्या कामात कपचीची एक गाडी या आकड्यांवर परत गेली. १० मधून फक्त ११ टक्के जात होते, कारण क्रशरवाल्याने कपचीच्या नावाखाली २० चीच खडी भरली होती.